आईचा आयएनआर ६.४ आलाय

प्रशांत, बी-३०४ (संध्याकाळी ७:०२)
नमस्कार. डॉ. नीलिमा ताई ग्रुपवर आहेत का? फोन एंगेज लागतोय म्हणून इथे लिहितोय. आईचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, ६.४ आलाय. रिपोर्ट यायच्या आधीच लॅबमधून फोन आला. तिला हृदयाची मायट्रल झडप बसवलेली आहे, धातूची. गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन ४ मिग्रॅ रोज रात्री ९ वाजता. आकडा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलंय आणि गेल्या महिन्यात २.९ होता.

डॉ. नीलिमा, सी-७०२ (७:०६)
आहे रे. आधी एवढं सांग. शौचाला डांबरासारखी काळी होतेय का? लघवी लालसर? उलटीत रक्त? डोकं जोरात दुखतंय, बोलताना अडखळतायत, एखादा हातपाय लुळा वाटतोय? गेल्या दोन-चार दिवसांत कुठे पडल्या का, डोक्याला काही लागलं का?

प्रशांत, बी-३०४ (७:०९)
नाही, यातलं काहीच नाही. सकाळी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं, ते बराच वेळ थांबेना. आणि दंडावर जांभळा डाग आहे. कुठे आपटल्याचं तिला आठवत नाही. ते बघूनच टेस्ट करून आणली.

डॉ. नीलिमा, सी-७०२ (७:१२)
बरं केलंस. आज रात्रीची वॉर्फरिन देऊ नकोस. तुमच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलला इमर्जन्सीच्या नंबरवर फोन कर आणि सांग: धातूची मायट्रल झडप, आयएनआर ६.४, हिरड्यांतून थोडं रक्त, बाकी रक्तस्राव नाही. मी विचारलेल्यांपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी फोनवर वेळ न घालवता थेट कॅज्युअल्टीत घेऊन जा. आता सांग, गेल्या आठवड्यात कुठलं नवीन औषध चालू झालंय का?

प्रशांत, बी-३०४ (७:१५)
मागच्या शुक्रवारी तिला जुलाब झाले. केमिस्टकडून मेट्रोनिडाझोल ४०० आणली, दिवसातून ३ वेळा, ५ दिवसांची. आज चौथा दिवस. खाणं म्हणजे फक्त पेज, मऊ भात आणि ताक.

डॉ. नीलिमा, सी-७०२ (७:१७)
तिथेच सापडलं. जुलाब थांबले असतील तर ती गोळी पुढे हवी का, तेही आत्ताच डॉक्टरांना विचार.

शालनकाकू, ए-१०१ (७:२१)
प्रशांत, पालकाचा रस दे आईला. पालकाने रक्त घट्ट होतं, माझ्या जाऊबाईंना हेच सांगितलेलं.

डॉ. नीलिमा, सी-७०२ (७:३४)
काकू, रस नको. कारण जरा सविस्तर लिहिते, घरात वॉर्फरिन चालू असणाऱ्या सगळ्यांनी वाचा.

रक्त गोठवणारी काही प्रथिनं आपलं यकृत बनवतं. त्यातल्या चार प्रथिनांना कामाला लागण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलेलं के शरीर पुन्हा वापरण्याजोगं करून घेतं आणि वॉर्फरिन नेमकी तीच क्रिया अडवते. म्हणजे गोळी एकीकडून ओढते आणि पालेभाजीतलं के दुसरीकडून. प्रशांतच्या आईंचे ४ मिग्रॅ हे त्यांच्या रोजच्या ताटाशी जुळवून ठरवलेले आहेत. ताट बदललं की तेच ४ मिग्रॅ जास्त होतात किंवा कमी पडतात.

आता या आठवड्यात काय झालं बघा. पेज आणि ताकात के जवळजवळ नसतंच, शिवाय जुलाबात शोषणही नीट होत नाही. हा पहिला धक्का. दुसरा आणि मोठा धक्का मेट्रोनिडाझोलचा. यकृतातलं जे एन्झाइम वॉर्फरिनचा जोरकस भाग मोडून बाहेर काढतं, त्यालाच ही गोळी दाबते. आईंनी रोजच्यासारखे ४ मिग्रॅच घेतले, पण आदल्या दिवसाचं औषध पूर्ण न निघता त्यावर नवीन साठत गेलं.

पालकाच्या १०० ग्रॅम कच्च्या पानांत साधारण ४८० मायक्रोग्रॅम के असतं, तर मोठ्या माणसाची दिवसाची गरज १०० च्या आसपास. असा वाटीभर रस दिला तर आयएनआर किती उतरेल आणि किती दिवस खाली राहील, कोणालाच सांगता येणार नाही. धातूच्या झडपेवर तो फार खाली गेला की झडपेतच गुठळी होते. म्हणून इतक्या आकड्याला, मोठा रक्तस्राव नसेल तर, डॉक्टरही सहसा के चं इंजेक्शन देत नाहीत. एक-दोन डोस थांबवतात आणि आकडा आपोआप उतरू देतात.

देशपांडेकाका, डी-५०३ (७:४१)
पण मला तर पालेभाजी पूर्ण बंद करायला सांगितली आहे. मेथी, अळू, शेपू काहीच नाही. दीड वर्ष झालं. तरी माझा आकडा कधी १.८, कधी ४.

डॉ. नीलिमा, सी-७०२ (७:५०)
काका, आकडा उड्या मारतोय त्यात या बंदीचाही हात असू शकतो. ताटात के फारच कमी असलं की शरीरात शिल्लक राहत नाही. मग कोणाच्या लग्नात एकदा अळूचं फतफतं खाल्लं तरी आकडा पडतो, आणि दोन दिवस भूक मेली तरी चढतो. रोज थोडं आणि सारखं खाणाऱ्याचा आकडा जास्त स्थिर राहतो. आठवड्यातून तीनदा मेथी होत असेल तर तीनदाच होऊ द्या, एका आठवड्यात शून्य आणि पुढच्यात रोज असं नको. कोबी आणि मूठभर कोथिंबीरही यातच मोजायची. फोडणीपुरती चार पानं सोडा.

पण आजपासून एकदम पालेभाजी सुरू करू नका हां. तुमचा आत्ताचा डोस बिनभाजीच्या ताटावर बसवलेला आहे. डॉक्टरांना सांगून हळूहळू वाढवा आणि त्या काळात आयएनआर दर आठवड्याला करा. श्रावणातले उपास, परगावचा मोठा मुक्काम, दाताच्या दुखण्याने बंद झालेलं जेवण, हे सगळं त्यांच्या कानावर घालायचं.

रोहन, बी-६०१ (७:५८)
ताई, कोणत्या अँटिबायोटिकला घाबरायचं? बाबांना दर हिवाळ्यात छातीचं इन्फेक्शन होतं आणि ते ॲसिट्रॉम घेतात.

डॉ. नीलिमा, सी-७०२ (८:०९)
ॲसिट्रॉम वॉर्फरिनचीच बहीण, नियम तेच. सगळ्यात जास्त त्रास देणारी दोन: मेट्रोनिडाझोल आणि को-ट्रायमॉक्साझोल. जुलाबाला मिळणाऱ्या जोडगोळ्यांमध्ये ऑर्निडाझोल, टिनिडाझोल असतात, त्याच घराण्यातल्या. अँटिबायोटिक नव्हे, पण बुरशीसाठी देतात ती फ्लुकोनाझोल तितकीच जोरकस. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांनीही चढतो, माणसागणिक कमीजास्त. साध्या अमॉक्सिसिलिनने बऱ्याचदा फार फरक पडत नाही, पण ताप आणि न जेवणं याने पडतोच.

एक औषध उलटं वागतं, टीबीची रिफाम्पिसिन. ती वॉर्फरिन झपाट्याने मोडायला लावते, आकडा खाली येतो आणि डोस बराच वाढवावा लागतो. रिफाम्पिसिन बंद झाली की काही आठवड्यांत तोच वाढवलेला डोस अंगावर येतो. 

इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिक घ्यावंच लागतं, टाळायचं नाही. फक्त लिहून देणाऱ्याला आधी सांगायचं की वॉर्फरिन चालू आहे. मग तो दुसरं औषध निवडतो किंवा डोस आधीच थोडा कमी करतो. चालू केल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर करायचा, आणि कोर्स संपल्यावर आठवड्याभरात परत एकदा.

रोहन, बी-६०१ (८:१२)
दुसऱ्याच दिवशी केला तर लवकर कळणार नाही का?

डॉ. नीलिमा, सी-७०२ (८:१८)
नाही कळत. आधी तयार झालेली प्रथिनं रक्तात असतातच. त्यातलं एक काही तासांत संपतं, पण मुख्य जे आहे त्याला निम्मं व्हायलाच अडीच दिवस लागतात. म्हणून आज बदललेल्या डोसचा खरा आकडा चार-पाच दिवसांनी दिसतो. लोक दुसऱ्या दिवशी आकडा बघून घाबरतात आणि पुन्हा डोस बदलतात, मग झोके सुरू होतात.

कुलकर्णीकाकू, सी-२०४ (८:२२)
मी लॅबमध्ये होते म्हणून एक सांगते. ही टेस्ट निळ्या झाकणाच्या बाटलीत घेतात, त्यात सायट्रेट असतं. रक्त खुणेपर्यंत भरायलाच हवं. बाटली अर्धी राहिली तर आकडा खोटाच जास्त येतो. घरी रक्त घ्यायला येतो त्याच्याकडे लक्ष ठेवा. आणि शक्यतो लॅब बदलू नका.

समीर, ए-४०४ (८:३०)
हल्ली नवीन गोळ्या आहेत ना, टेस्टच नको अशा? अमेरिकेत माझ्या सासऱ्यांना अपिक्साबॅन आहे, ते वर्षानुवर्षं आयएनआर करत नाहीत.

डॉ. नीलिमा, सी-७०२ (८:३७)
त्यांना ठोके अनियमित म्हणून दिली असेल, तिथे चालते, बऱ्याचदा वॉर्फरिनपेक्षा बरी. धातूच्या झडपेला चालत नाही. अशीच एक नवीन गोळी डाबिगाट्रान धातूच्या झडपेच्या रुग्णांवर वापरून बघितली तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून २०१२ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवली. अपिक्साबॅनची अशीच चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांनाही वॉर्फरिनच, आणि आपल्याकडे असे रुग्ण बरेच आहेत. कोणी परस्पर गोळी बदलून आणू नका.

प्रशांत, बी-३०४ (९:०५)
डॉक्टरांशी बोलणं झालं. आज आणि उद्या वॉर्फरिन बंद, मेट्रोनिडाझोल बंद, ओआरएस चालू, परवा सकाळी आयएनआर. दात बोटाने घासायला सांगितलेत. कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक मागत होती.

डॉ. नीलिमा, सी-७०२ (९:०७)
अजिबात देऊ नकोस! डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी पोटात रक्तस्राव होतो आणि आयएनआरमध्ये तो दिसतही नाही. पॅरासिटामॉल एखादी चालेल, रोज चार-चार नको, त्यानेही आकडा चढतो.

प्रशांत, बी-३०४ (गुरुवार, दुपारी १:४०)
आयएनआर ३.६. हिरड्या ठीक. आज रात्रीपासून पुन्हा ४ मिग्रॅ सांगितलेत. मला वाटलं होतं ३ करतील.

डॉ. नीलिमा, सी-७०२ (२:१५)
बरोबर सांगितलंय. आठवड्याचे २८ मिग्रॅ त्यांना छान मानवत होते, गडबड मेट्रोनिडाझोल आणि पेजेने केली. ती दोन्ही कारणं गेली. आता ३ वर आणलं तर भाजी-पोळी सुरू झाल्यावर दहा दिवसांत आकडा २ च्या खाली जाईल, आणि त्यांच्या झडपेला तेही तितकंच धोक्याचं. पुढची टेस्ट कधी?

प्रशांत, बी-३०४ (२:१८)
सोमवारी, मग पुढच्या सोमवारी. दोन्ही नीट आले की पुन्हा महिन्याला.

देशपांडेकाका, डी-५०३ (२:३१)
नीलिमा, रात्री गोळी राहून गेली आणि सकाळी आठवलं तर दोन घ्यायच्या का?

डॉ. नीलिमा, सी-७०२ (२:३३)
नाही काका. त्याच दिवशी झोपेपर्यंत आठवलं तर घ्या. दुसरा दिवस उजाडला की राहिलेली सोडून द्या, त्या रात्री नेहमीची एकच. राहिली ती तारीख डायरीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, नाहीतर कमी आलेला आकडा बघून ते डोस वाढवतील.

देशपांडेकाका, डी-५०३ (२:३६)
मार्चमध्ये तसंच झालं असावं. रिपोर्टांची फाईल घेऊन संध्याकाळी येतो.

डॉ. नीलिमा, सी-७०२ (२:३७)
या, ७ नंतर घरीच आहे. गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा घेऊन या, आयुर्वेदिक काढे-चूर्णंसुद्धा.