मदत हवी आहे : गणेशोत्सवाच्या सूचनेत १५ सप्टेंबरला कोणती तिथी लिहावी?

सोसायटीच्या गणेशोत्सवाची सूचना फलकावर लावायची आहे. तारीख, वार आणि तिथी तिन्ही द्यायचे, कारण ज्येष्ठ सभासद तिथीच पाहतात. अडचण शके १९४८ च्या भाद्रपदातली आहे.

गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबर २०२६ ला. त्या दिवशी चतुर्थी सूर्योदयानंतर, सकाळी सातच्या सुमारास लागते. मध्यान्ही ती असल्याने स्थापना त्याच दिवशी, हे ठरलेलं आहे. पण १५ च्या सूर्योदयालाही चतुर्थीच आहे, आणि ऋषिपंचमीही त्याच दिवशी.

१४ ला चतुर्थी धरून ओळीने मोजलं तर चतुर्दशी २४ ला येते. अनंत चतुर्दशी मात्र शुक्रवारी, २५ ला आहे. सूर्योदयाची तिथी लिहिली तर शेवट जुळतो, पण १४ समोर तृतीया येते आणि लोक गोंधळतील.

तारखा बदलता येणार नाहीत. पोलिसांकडचा ध्वनिक्षेपकाचा अर्ज त्यांवरच आहे. कार्यक्रम रोज संध्याकाळी साडेसातला. तळटीप चालेल, पण एका ओळीचीच.

मग १४ ला चतुर्थी लिहून पुढे सगळीकडे सूर्योदयाची तिथी द्यावी, की कार्यक्रमाच्या वेळची? आणि १५ समोर नेमकं काय लिहावं?