मदत हवी आहे: केक कोरडा गेला, वहिनींना माफीची चिठ्ठी कशी लिहू?

बावड्याची_लेक

मी कसबा बावड्यात राहते. दोन वर्षांपासून घरूनच बिनअंड्याचे केक करून देते. बहुतेक ऑर्डरी अर्ध्या किलोच्या असतात. गेल्या शनिवारी राजारामपुरीतल्या एका वहिनींना त्यांच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसासाठी दीड किलोचा पायनॅपल केक दिला. बाराशे रुपये घेतले. रविवारी दुपारी त्यांचा मेसेज आला: "केक दिसायला छान होता, पण आतून फार कोरडा. मोठी माणसं चहाबरोबर खात होती, मुलांनी नुसतं क्रीम खाल्लं."

भांडण नाही, पैसे परत द्या असंही नाही. तेच जास्त लागलं. पहिला वाढदिवस पुन्हा येत नाही. मला त्यांना बदली केक द्यायचाय आणि सोबत चिठ्ठी लिहायचीय. हा माझा मसुदा:

"नमस्कार वहिनी, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहे. मी नेहमी उत्तम दर्जाचं साहित्य वापरते आणि आजवर कुणाचीही तक्रार आलेली नाही. सध्याचा उन्हाळा आणि केक रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यामुळे तो थोडा कोरडा वाटला असावा. पुढच्या ऑर्डरवर २० टक्के सूट देईन."

वाचल्यावर मलाच बरं वाटत नाहीये. काय खटकतंय ते सांगा.

सुगरण_मिरजेची

कोरडा केक टाकू नका हो! चुरा करून दुधात थोडी कंडेन्स्ड मिल्क घालायची, त्यावर शिंपडायचं, मधे केळी-डाळिंब आणि वर क्रीम. काचेच्या वाट्यांमध्ये लावून फ्रिजला ठेवा. आमच्याकडे मुलं तेच मागतात.

बावड्याची_लेक

ताई, केक माझ्याकडे नाही, गिऱ्हाईकाकडे गेला आणि संपलाही. पण हे लक्षात ठेवते.

पेठेतला_पोरगा

एवढं काय मनावर घेतेस ताई. फ्रिजमध्ये ठेवला की कुठलाही केक कडक होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री दिलेला केक त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी कापला असेल तर चूक त्यांची. मसुदा बरोबर आहे. आणि लेखी चूक कबूल करू नकोस, उद्या तोच कागद दाखवून पैसे मागतील.

भट्टीवाली_मावशी

मी चौदा वर्षं केक करतेय, शिकवतेही. चिठ्ठीकडे नंतर येऊ. आधी कारण कळल्याशिवाय चिठ्ठी लिहू नकोस, नाहीतर तू अंदाज लिहिशील आणि तो वाचणाऱ्याला सबब वाटेल. मला एवढं सांग. स्पंज लोण्याचा होता की तेलाचा? डबा किती इंची आणि एकच की दोन? किती वेळ भाजलास? आणि कापलेल्या तुकड्याचा फोटो मिळाला का?

बावड्याची_लेक

तेलाचा, दही घालून. नेहमी ६ इंची डब्यात अर्धा किलो करते, १७० अंशांवर ३२-३३ मिनिटं. या वेळी मिश्रण तिप्पट करून एकाच ८ इंची उंच डब्यात ओतलं. मध्ये टूथपिक ओली येत होती म्हणून ठेवत गेले, एकूण ५८ मिनिटं. फोटो वहिनींनीच पाठवलाय. तुकड्याच्या बाहेरच्या कडेला साधारण बोटभर रुंद तपकिरी पट्टा दिसतो, आतला भाग पिवळा आहे.

भट्टीवाली_मावशी

तो पट्टाच सगळं सांगतो. फ्रिजमुळे केक थंड आणि घट्ट लागतो, ते खरं. पण तो सगळीकडे सारखाच घट्ट लागतो, कडेला वेगळा रंग येत नाही. शिवाय फ्रिजात दगड होतो तो लोण्याचा स्पंज, कारण लोणी गोठतं. तेल तिथे पातळच राहतं, म्हणून तुझा स्पंज त्या मानाने मऊ राहायला हवा होता. पेठेतल्या भाऊंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण या केकला लागू नाही.

आता हिशोब बघ. डब्याचा तळ किती मोठा ते व्यासाच्या वर्गावरून कळतं. ६ ला ६ ने गुणलं की ३६, ८ ला ८ ने गुणलं की ६४. म्हणजे ८ इंची डब्याचा तळ ६ इंचीच्या पावणेदोन पटींहून थोडासाच जास्त. मिश्रण मात्र तू तिप्पट घातलंस. म्हणजे डब्यात मिश्रणाची उंची नेहमीच्या जवळजवळ पावणेदोन पट झाली. उष्णता कडेकडून आत जाते. मध्यापर्यंत पोहोचेस्तोवर कडा केव्हाच भाजून, पाणी उडून बसलेल्या असतात. टूथपिक मध्याचंच सांगते, कडेचं नाही. तेच मिश्रण दोन ८ इंची डब्यांत अर्धं-अर्धं घातलं असतं तर ३५ मिनिटांच्या आसपास झालं असतं.

आणखी एक विचारते. साखरपाणी प्रत्येक थराला किती चमचे घातलंस?

बावड्याची_लेक

नेहमीसारखे चार मोठे चमचे. हात तसाच बसलाय.

आत्ता वाचताना कळलं.

भट्टीवाली_मावशी

हो. चार चमचे ६ इंची थरासाठी. त्याच हिशोबाने ८ इंचीला सात लागतात. म्हणजे कडा भाजून कोरड्या झाल्या आणि वर त्यांना पाणीही कमी मिळालं. साखरपाणी मधोमध ओतायची सवय असते, कडा तशाही उपाशी राहतात. ब्रशने कडेपासून सुरुवात कर आणि आत ये.

आता चिठ्ठी. तुझ्या मसुद्यातलं "वाटला असावा" हे सगळ्यात वाईट. केक कोरडा होता असं त्यांनी सांगितलंय, फोटोही दिलाय, आणि तू म्हणतेस तुम्हाला तसं वाटलं. "आजवर कुणाचीही तक्रार नाही" याचा अर्थ त्या वाचतील तो असा की तक्रार करणाऱ्या तुम्हीच पहिल्या. फ्रिजचं वाक्य तर त्यांच्या घराकडे बोट दाखवतं. फ्रिजचा दोष असता तरीसुद्धा, कापायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा हे आपणच डब्यावर लिहून द्यायचं असतं. लिहिलं होतंस का?

बावड्याची_लेक

नाही.

दिवाळी_फराळवाली

पुढच्या ऑर्डरवर सूट देण्याबद्दल मी बोलते, कारण मी हीच चूक केलीय. दोन वर्षांपूर्वी माझ्या चकल्या मऊ पडल्या. पाकिटं गरम असतानाच बंद केली होती. मी गिऱ्हाइकांना "पुढच्या वेळी सूट" म्हटलं. एकही परत आलं नाही. ज्यांचा माझ्यावरचा विश्वास उडालाय त्यांना मी आणखी पैसे खर्च करायला सांगत होते, हे मला फार उशिरा कळलं. भरपाई आत्ताच द्यायची असते आणि त्यासाठी त्यांच्या खिशाला हात लागता कामा नये.

पेठेतला_पोरगा

बरं, फ्रिजचं मागे घेतो, फोटोचं मला माहीत नव्हतं. पण पैशाचं ऐका. दीड किलोचा केक पुन्हा आणि वर बाराशे परत, असं दोन्ही केलं तर ताईच बुडेल. सामानाला किती जातात?

बावड्याची_लेक

दीड किलोला साडेचारशे ते पाचशे, गॅस-लाईट आणि पेट्रोल सोडून.

भट्टीवाली_मावशी

दोन्ही नको. एकच, पण निवड त्यांची. पूर्ण पैसे किंवा पूर्ण केक. पार्टी झालीय, त्यांना आता दीड किलो नकोही असेल, म्हणून "तुम्हाला हवा तेवढा, हवा त्या दिवशी" असं लिही. लेखी कबुलीचं म्हणशील तर मी ती नेहमी देते. कोरड्या केकने कुणी आजारी पडलेलं नाही. तुझी चूक काय हे एका वाक्यात लिहिलं तर पुढचा केक खायचा धीर त्यांना होईल. कारण मात्र एकच लिही. डब्याचा वर्ग-बिर्ग त्यांना नको.

आणि आधी फोन कर. चिठ्ठी केकबरोबर जाते, माफी फोनवरच मागायची असते.

दिवाळी_फराळवाली

यावर माझं थोडं वेगळं मत आहे. काही बायकांना फोनवर "असू दे, असू दे" म्हणावं लागतं आणि मग मनातलं राहूनच जातं. मेसेज पाठवला की त्या निवांत विचार करून उत्तर देतात. वहिनींनी स्वतः मेसेज केला होता, फोन केला नव्हता.

बावड्याची_लेक

दोघींचं पटतंय, म्हणून मेसेजच केला, शेवटी "तुम्हाला चालेल तेव्हा फोन करते" असं लिहिलं. त्यांनी रात्री स्वतःच फोन केला. गावाकडून आजी-आजोबा रविवारी येणार आहेत, त्यांना वाढदिवसाला येता आलं नव्हतं. एक किलोचा पुरे म्हणाल्या. उरलेल्या अर्ध्या किलोचे चारशे मी परत पाठवणार म्हटलं. त्या नको नको म्हणत होत्या, तरी पाठवले.

चिठ्ठी आता अशी लिहिलीय:

"वहिनी, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मी दिलेला केक कोरडा होता. मोठा केक मी एकाच उंच डब्यात भाजला, त्यामुळे कडा जास्त भाजल्या गेल्या. चूक माझीच आहे आणि त्या दिवशी मुलांना केक खाता आला नाही याचं मला फार वाईट वाटतं. हा केक दोन डब्यांत वेगवेगळा भाजलाय. कापण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर ठेवा. यातही काही कमी वाटलं तर नि:संकोच सांगा, या केकचेही पैसे परत करेन. बाळाला आणि आजी-आजोबांना नमस्कार."

भट्टीवाली_मावशी

चांगली आहे. बाळाला आशीर्वाद, नमस्कार आजी-आजोबांना. तेवढं सुधार. आणि भाजल्यावर स्पंज पंख्याखाली उघडा ठेवू नकोस. कोमट झाला की प्लास्टिकमध्ये गुंडाळ. आत्ताच्या उन्हात तासाभरात वरची साल वाळते.

सुगरण_मिरजेची

तेल आणि दही असेल तर दही आंबट नको ना? माझा केक आंबट दह्याने जास्त फुलतो पण दुसऱ्या दिवशी भुरभुरतो. याचं कुणी सांगेल का?

भट्टीवाली_मावशी

दह्यापेक्षा सोडा जास्त पडत असेल असा माझा अंदाज आहे, पण प्रमाण बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. वेगळा धागा काढा, मापं ग्रॅममध्ये लिहा.

बावड्याची_लेक

रविवार रात्र. एक किलोसाठी दोन ७ इंची डबे घेतले. ३४ मिनिटांत टूथपिक कोरडी आली. प्रत्येक थराला साडेपाच चमचे साखरपाणी, कडेपासून आत. कडेचा एक तुकडा कापून खाल्ला, ओलसर होता. घरातल्यांनाही दिला, कारण माझ्या एकटीच्या जिभेवर आज माझा भरवसा नव्हता. साडेपाचला राजारामपुरीत स्वतः देऊन आले. दार वहिनींच्या सासूबाईंनी उघडलं. चिठ्ठी डब्याला चिकटवली होती, त्यांनी ती तिथेच उभं राहून वाचली आणि आत नेली.

अजून काही निरोप आलेला नाही. मी विचारणार नाही. सांगायचं तर त्या सांगतील.