सही आहे, पण पोती कुठे आहेत?

"मॅनेजमेंटने ऑडिटरला सहीनिशी पत्र लिहून दिलंय, मग साठा तपासायचा कशाला?"

कारण लिहून देणाराच हिशेब मांडणारा असतो. सगळी माहिती दिली, सगळे व्यवहार नोंदवले, हे त्या पत्रात येतं. एसए ५८० हे ऑडिटचं मानक त्याला आवश्यक पुरावा म्हणतं, पण एकट्याने पुरेसा नव्हे.

सीएच्या आर्टिकलशिपमध्ये एका क्लायंटच्या पत्रात भाड्याच्या गोदामातली ४०० पोती होती. गोदामवाल्याकडून थेट कन्फर्मेशन मागवलं, तर २६० निघाली. उरलेली मार्चमध्येच गेली होती, बिल मात्र एप्रिलमध्ये फाडलेलं. म्हणजे साठा फुगलेला आणि विक्री पुढच्या वर्षात. डायरेक्टर खोटं बोलत नव्हते हो, त्यांनीही स्टोअरकीपरचाच आकडा उतरवला होता. पत्राचा खरा उपयोग मनातल्या हेतूसाठी, उदाहरणार्थ गुंतवणूक मुदतीपर्यंत ठेवणार का. तिथेही बोर्डाची मिनिट्स बघतोच.