लग्नाची जुनी कॅसेट फोर-के केली, यातले बनावट नेमके कोणते?

सांगलीची_लेक

आई-बाबांच्या १९९३ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट एका दुकानातून फोर-के आणि सेकंदाला ६० फ्रेम अशी करून घेतली. हालचाल मालिकेसारखी गुळगुळीत दिसते आणि आजीचा चेहरा आजीचा वाटत नाही. भावाला मात्र सगळेच आवडले आहे. यात खरोखर बनावट काय आणि नुसतेच बनावट वाटणारे काय?

चष्मेबहाद्दर

माझ्या मते मूळ दोष गुळगुळीतपणाचाच आहे. आपल्याकडचे व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचे असत, त्यामुळे ६० मधल्या किमान ३५ फ्रेम यंत्राने मनाने रचलेल्या आहेत हे उघड आहे. दुकानदाराला सांगून पुन्हा २५ फ्रेमची प्रत करून घ्यावी, म्हणजे बनावटपणा आपोआप जाईल. चेहऱ्याचे म्हणाल तर तो आधीच धूसर होता. थोडा उजळला तर बिघडले कुठे?

जुनी_फीत

६० फ्रेम नकोत हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण २५ वर परतण्याचा सल्ला मला पटत नाही. त्या काळचा लग्नाचा कॅमेरा २५ पूर्ण चित्रे एका क्षणात टिपत नसे. तो आधी विषम रेषा टिपे आणि एक पन्नासांश सेकंदानंतर सम रेषा. म्हणजे प्रत्येकी २८८ रेषांची ५० अर्धी चित्रे, ज्यांना फील्ड म्हणतात, आणि त्यांतले प्रत्येक निराळ्या क्षणाचे. दूरदर्शनवर क्रिकेट पाहताना गोलंदाजाची धाव चित्रपटातल्या धावेपेक्षा सलग दिसे ती याच कारणाने. सेकंदाला ५० क्षणांची हालचाल या कॅसेटवर खरोखरच नोंदलेली आहे. ती मालिकेसारखी वाटते, कारण मालिकाही तशाच कॅमेऱ्यांवर टिपल्या जात आणि आपले डोळे २४ फ्रेमच्या चित्रपटाला ‘भारदस्त’ समजायला सरावले आहेत. थोडक्यात, त्या गुळगुळीतपणाचा बराचसा भाग नुसता बनावट *वाटतो*.

खरी गडबड बहुधा अशी झाली असावी की दुकानाने दोन-दोन फील्ड एकत्र करून आधी २५ फ्रेम केल्या, म्हणजे हातातली निम्मी खरी हालचाल टाकून दिली, आणि मग तिची भरपाई सॉफ्टवेअरकडून कल्पनेने करून घेतली. २५ वरून ६० वर जाताना दोन्हींच्या वेळा सेकंदात फक्त ५ ठिकाणी जुळतात. उरलेले ५५ क्षण रचलेलेच असतात, म्हणून चष्मेबहाद्दर यांचा ३५ चा आकडा उदार म्हणावा लागेल.

हे ताडून पाहायचे असेल तर अक्षता टाकण्याचा प्रसंग काढा. व्हीएलसीमध्ये चित्र थांबवून `E` दाबत राहिले की एकेक फ्रेम पुढे सरकते. खऱ्या फ्रेममध्ये उडणारे तांदूळ बारीक रेघांसारखे, पण सुटे सुटे दिसतात. रचलेल्या फ्रेममध्ये ते चेहऱ्यापाशी आल्यावर विरघळतात किंवा मागच्या शालूचा काठ आपल्याबरोबर ओढून नेतात, कारण इतक्या लहान आणि वेगवान दाण्याची जोडी सॉफ्टवेअरला पुढच्या फ्रेममध्ये सापडत नाही. फोटोग्राफरचा फ्लॅशही पाहावा. कॅसेटवर तो एखाद-दोन फील्डपुरता पांढराशुभ्र चमकतो आणि संपतो. रचलेल्या प्रतीत त्याच्या अलीकडे-पलीकडे अर्धवट उजळलेल्या, दुहेरी कडांच्या फ्रेम दिसतात.

परदेशी_भाचा

आमच्याकडेही हेच झाले. आजोबांनी काढलेली सुपर-८ फिल्म आम्ही स्कॅन करून ६० फ्रेमची केली. तुमच्या हिशोबाने तीत ५० क्षण असायला हवेत, तरीही पावसात खेळणाऱ्या मुलांचे पाय चिखलात वितळल्यासारखे दिसतात. मग दोष स्कॅनरचा का?

जुनी_फीत

स्कॅनरला बोल लावू नका. सुपर-८ ही फिल्म आहे, तिच्यात फील्ड नसतात. घरगुती कॅमेरा बहुधा सेकंदाला १८ चित्रे घेई आणि त्यांच्यामधले क्षण कुठेच नोंदलेले नाहीत. तिथे गुळगुळीतपणा म्हणजे पूर्णपणे रचना. १८ चाच वेग राखावा आणि पडद्याच्या वेगाशी जुळवण्यासाठी फ्रेम तशाच्या तशा पुन्हा दाखवाव्यात. किंचित धक्के जाणवतील, पण ते त्या कॅमेऱ्याचेच आहेत.

पाटी_पेन्सिल

एक आक्षेप नोंदवतो. एका फील्डमध्ये २८८ रेषा असतील तर ५७६ रेषांची पूर्ण फ्रेम करताना उरलेल्या निम्म्या रेषा कोणीतरी भरतोच. म्हणजे आपल्या ‘खऱ्या’ ५० फ्रेमसुद्धा अर्ध्या कल्पित झाल्या. मग एक कल्पना पवित्र आणि दुसरी बाटलेली, हे कसे?

जुनी_फीत

आक्षेप रास्त आहे. फरक असा की जे स्थिर आहे, उदाहरणार्थ मांडवाचा खांब, तिथल्या रेषा शेजारच्या फील्डमधून जशाच्या तशा मिळतात. जे हलते आहे तिथे मात्र अंदाजच बांधावा लागतो आणि हलत्या हाताच्या कडा थोड्या मऊ होतात. अंदाज रेषेचा आहे, क्षणाचा नाही. मला हा फरक मोठा वाटतो. आपल्याला तो लहान वाटला तर मी वाद घालणार नाही.

सांगलीची_लेक, दुकानाकडे कॅसेटची कच्ची फाइल असेल तर ती मागून घ्या आणि ffmpeg या मोफत साधनाची ही आज्ञा चालवून पाहा:

```
ffmpeg -i kaset.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1" -c:v libx264 -crf 16 -pix_fmt yuv420p -c:a aac lagna50.mp4
```

चालणारी माणसे पुढे-मागे थरथरू लागली तर फील्डचा क्रम उलटा आहे असे समजून `tff` च्या जागी `bff` घाला. डीव्ही फाइलमध्ये तो सहसा उलटाच असतो. १०८० चा आकार तपशील वाढवण्यासाठी नाही. यूट्यूब ७२० पेक्षा लहान चित्राला ५० फ्रेम देत नाही, म्हणून आकार वाढवून घेणे सोयीचे.

चष्मेबहाद्दर

हालचालीचा मुद्दा मान्य. पण चेहरा? व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेला जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो. धूसर गोळ्यापेक्षा रेखीव आजी घरच्यांना आवडली तर तज्ज्ञांनी नाक का मुरडावे?

पाटी_पेन्सिल

कारण ती रेखीव बाई आजी नाही. समूहात बसलेल्या आजीचा चेहरा फार तर ३०-४० पिक्सेल रुंद असेल. त्यात पापण्या नसतातच, त्या सॉफ्टवेअर इतरांच्या चेहऱ्यांवरून घालते. चेहरे सुधारणारी कित्येक साधने एफएफएचक्यू नावाच्या, फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७०,००० छायाचित्रांच्या संग्रहावर शिकलेली आहेत. कपाळावरचे गोंदण त्यांना डाग वाटू शकते आणि नथीची कडी ओठाची कड वाटू शकते. शिवाय फ्रेमगणिक नवा अंदाज होत असल्याने मान वळताना वय पाच वर्षांनी पुढे-मागे होते. लग्नातल्या अल्बममधला आजीचा फोटो शेजारी ठेवून पाहा, आठवणीवर विसंबू नका.

सांगलीची_लेक

`E` दाबत पाहिले. अक्षता खरोखरच आजोबांच्या फेट्यापाशी गायब होतात आणि आजीच्या हनुवटीवरचे गोंदण दोन फ्रेम असते, मग नसते. कच्ची फाइल दुकानाने पुसून टाकली आहे, पण कॅसेट घरीच आहे. भाऊ म्हणतो की चेहऱ्याचीही प्रत राहू द्यावी.

जुनी_फीत

राहू द्या, फक्त फाइलच्या नावात ‘चेहरे रचलेले’ असे लिहून ठेवा. कॅसेट पुन्हा उतरवताना दुकानदाराला बजावा की इंटरलेस, म्हणजे विषम-सम रेषांची ही फील्डची मांडणी, तशीच ठेवून द्यावी, फील्ड एकत्र करू नयेत. आणि नवी प्रत पाहण्यापूर्वी घरच्या टीव्हीतील हालचाल गुळगुळीत करण्याची सोय बंद करा, नाहीतर खऱ्या ५० फ्रेममध्येही टीव्ही स्वतःच्या फ्रेम घुसडेल.

चष्मेबहाद्दर

टीव्हीचे ठाऊक नव्हते. चेहऱ्याबाबत माझे मत कायम आहे.