लग्नाआधी लव काढायची तर रेझर की ट्रिमर?

"पुढच्या आठवड्यात निपाणीला बहिणीचं लग्न आहे, गालावरच्या लवेवर फाउंडेशन तरंगतंय. रेझर घेऊ की ट्रिमर? केस जाड येतील काय?"

ताई, जाड येत नाहीत गं, केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं तिथवर पातं जातच नाही, फक्त निमुळतं टोक कापलं जातं म्हणून वाढताना बोटाला खरखरीत लागतं. तुझ्या कामाला रेझरच, कारण तो लवेबरोबर वरची मेलेली त्वचापण खरवडतो, ट्रिमर थोडी लव ठेवतो नि पावडर तिथंच अडकते. पण गालावर पिकलेले पिंपल असतील तर रेझर नकोच, ट्रिमरपण त्यांना सोडून फिरव.

लग्नाच्या दोन दिवस आधी कर, आदल्या रात्री नको, लाली उतरायला वेळ पाहिजे. कोरड्या स्वच्छ चेहऱ्यावर, एका हातानं त्वचा ताणून, नवीन पातं ४५ अंशात तिरकं धरून हलके छोटे झटके, एका जागी परत परत नाही. रेटिनॉल लावतेस काय? मग ते काही दिवस आधीच बंद, नाहीतर झोंबतंय बघ. लग्नादिवशी मॉइश्चरायझर मुरू दे आणि फाउंडेशन नेहमीपेक्षा कमी घे, गुळगुळीत गालावर जास्तीचं घसरून नाकाशेजारी जमतंय. खडेबाजारातून पातं घेताना सील बघून घे.