जुनी सीडी हळू का वाजते?

> "८५ सालची सीडी लावली की आवाज वाढवावा लागतो, नवीन गाणं लागलं की धावत जाऊन कमी करावा लागतो. जुनं रेकॉर्डिंग कच्चं असतं का?"

नाही हो, बऱ्याचदा उलटंच असतं. डिजिटलमध्ये आवाजाची कमाल पातळी ठरलेली आहे, शून्य डेसिबल; बाकी सगळं त्याखाली, उणे आकड्यांत. जुन्या सीडीतही ड्रमचा ठोका त्याच्या आसपास पोचतोच, पण बाकीचं गाणं त्याच्या बरंच खाली असतं. नव्वदीनंतर लिमिटर नावाचं साधन लावून ठोक्यांची शेंडी छाटायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं, ही चढाओढ लागली. कानाला मोठेपणा जाणवतो तो सरासरीचा, शिखराचा नव्हे.

मेटॅलिका या रॉक बँडचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम बघा. तीच गाणी 'गिटार हीरो' या गेममध्येही आली, तिथे इतकी दाबलेली नव्हती. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली: गेममध्ये ठोका सुटा, सीडीवर खरखर. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तर सीडीचा आलेख सपाट विटेसारखा दिसतो. मास्टरिंग, म्हणजे सीडीसाठी गाण्यांवर शेवटचा हात फिरवण्याचं काम, करणाऱ्याने तर सांगून टाकलं की गाणी त्याच्याकडे आली तीच चेपलेली.

आता स्पॉटिफाय, यूट्यूब मोठ्याने वाजणारं गाणं आपणहून खाली आणतात. त्यामुळे चेपून मिळालेला फायदा जातो, छाटलेली शेंडी मात्र परत येत नाही. आवाज समान ठेवण्याचा पर्याय चालू करून जुनं-नवं लागोपाठ ऐका. मात्र जुन्या गाण्याची 'रीमास्टर्ड' लिहिलेली प्रत घेऊ नका, तीही बरेचदा नव्याने चेपलेली असते.