सासऱ्यांच्या प्रवास विम्याचा दावा: मेलचा मसुदा तपासून हवा आहे

प्रेषक: मंजिरी, एडिसन

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

माझे सासरे, वय ६८, साताऱ्याहून ११ जानेवारीला आमच्याकडे आले. निघण्यापूर्वी त्यांनी भारतातील एका कंपनीकडून ५०,००० डॉलरचा प्रवास विमा घेतला होता आणि त्यातील पहिले १०० डॉलर आपण सोसायचे आहेत. ३ फेब्रुवारीच्या रात्री त्यांच्या उजव्या कुशीत असह्य कळा येऊ लागल्या आणि उलट्याही सुरू झाल्या, म्हणून आम्ही गाडीनेच त्यांना जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले. सीटी स्कॅनमध्ये मूत्रनलिकेत अडकलेला ५ मिलिमीटरचा मुतखडा दिसला. सलाईन व वेदनाशामके देऊन सात तासांनी त्यांना घरी सोडले आणि खडा पुढे चार दिवसांनी आपोआप पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विमा कंपनीच्या असिस्टन्स क्रमांकावर फोन करून केस क्रमांक घेतला होता.

आतापर्यंत रुग्णालयाचे ८,९४० डॉलरचे बिल आले आहे आणि औषधांची ४१ डॉलरची पावती आहे. कंपनीला इंग्रजीत पाठवायच्या मेलचा मजकूर मराठीत असा आहे:

«महोदय, माझे सासरे आपले विमाधारक असून त्यांच्यावर अमेरिकेत तातडीचे उपचार करावे लागले. सोबत रुग्णालयाचे बिल, डिस्चार्जचा कागद, औषधांची पावती आणि पारपत्राची प्रत जोडली आहे. कृपया रक्कम लवकरात लवकर मंजूर करावी.»

यात काही राहिले आहे का?

—

प्रेषक: अभय, पिस्काटवे

मंजिरी, डिस्चार्जचा कागद आणि रुग्णालयाचे बिल एवढे पुरेसे आहे. गेल्या वर्षी माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही तेवढेच दिले होते. प्रवासाचा पुरावा म्हणजे पारपत्रावरचा शिक्का. मात्र ३० दिवसांच्या आत पाठव, एकतिसाव्या दिवशी दावा बाद होतो. आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर त्याचा उल्लेख कुठेच येऊ देऊ नकोस, नाहीतर ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून ते हात वर करतील.

—

प्रेषक: श्रीधर, ब्रिजवॉटर (सध्या मुलाकडे)

चि. मंजिरीस आशीर्वाद. पुण्यात एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात मी २७ वर्षे काढली, त्या अनुभवावरून लिहितो.

अभयचे शेवटचे सांगणे आधी बाजूला ठेव. रक्तदाब प्रस्तावात लिहिला असेल, तर लपवण्यासारखे काही उरत नाही. लिहिला नसेल, तरी तातडीच्या विभागाच्या नोंदीत चालू औषधांची यादी असतेच आणि तपासनीस ती सर्वांत आधी वाचतो. मुतखड्याच्या दाव्याला रक्तदाबाने सहसा धक्का लागत नाही, पण लपवल्याचा संशय आला की मात्र लागतो. मुदतीविषयी अभयचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पॉलिसीत मुदत असते आणि ती पाळायचीच, परंतु केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामकाने २०११ सालीच परिपत्रक काढून कंपन्यांना बजावले आहे. त्यामुळे अर्धवट कागद घाईने पाठवू नकोस.

आता बिलाविषयी. अमेरिकेत एका रात्रीची तीन-तीन बिले येतात. रुग्णालय आपले बिल पाठवते, तातडीच्या विभागातील डॉक्टरांचा गट बहुधा वेगळे पाठवतो आणि स्कॅन वाचणारा रेडिओलॉजिस्ट आणखी वेगळे. तुझ्याकडे एकच आले आहे, म्हणजे उरलेली अजून टपालात असावीत. शिवाय घरी येते ते बहुतेक वेळा नुसत्या एकूण रकमेचे पत्रक असते. तपासनिसाला प्रत्येक तपासणी, तारीख आणि तिची किंमत वेगवेगळी दाखवणारे तपशीलवार बिल लागते. रुग्णालयाच्या बिलिंग खात्याकडून ते आणि यूबी-०४ हा फॉर्म मागून घे, तसेच डॉक्टरांच्या गटाकडून सीएमएस-१५०० मागव. मागितल्याशिवाय हे सहसा मिळत नाहीत. यूबी-०४ हाती आला की त्यावरील निदानाचे कोड स्वतः वाच. हे सगळे करताना तिन्ही बिलिंग खात्यांना वेगवेगळा फोन करून दावा चालू असल्याचे कळव आणि खाते वसुलीकडे न पाठवता थांबवून ठेवण्याची विनंती कर. एकाला सांगितलेले दुसऱ्याला कळत नाही.

पारपत्रावर भारतातून निघाल्याचा शिक्का असेल, पण अमेरिकेत प्रवेशाचा शिक्का हल्ली पुष्कळ विमानतळांवर मारत नाहीत. म्हणून i94.cbp.dhs.gov या संकेतस्थळावरून त्यांची आय-९४ नोंद उतरवून घे आणि तिकीट व बोर्डिंग पाससोबत जोड. पॉलिसी ज्या दिवशी सुरू झाली, ती तारीख आणि निघाल्याची तारीख जुळते की नाही, हेही पाहा.

—

प्रेषक: सुनंदा, टोरांटो

नमस्कार. माझ्या आईच्या वेळी आम्हाला काहीच पाठवावे लागले नव्हते. रुग्णालयात कार्ड दाखवले आणि कंपनीने परस्पर पैसे भरले. मंजिरीने कार्ड दाखवले नाही का? शिवाय आमच्या पॉलिसीत जुना आजार अचानक उफाळला तरी पैसे मिळत होते, तिच्याही पॉलिसीत ती सोय असेलच.

—

प्रेषक: श्रीधर, ब्रिजवॉटर

सुनंदाताई, आपण बहुधा इथल्या कंपनीकडून घेतलेल्या पाहुण्यांच्या विम्याविषयी बोलत आहात. त्यात रुग्णालयांचे जाळे असते आणि अटीही निराळ्या असतात. मंजिरीची पॉलिसी भारतातील आहे. अशा पॉलिसीत परस्पर भरणा बहुतेक वेळा रुग्ण दाखल झाला तरच होतो. तातडीच्या विभागातून सात तासांत घरी सोडले, म्हणजे बाह्यरुग्ण समजून आधी बिले गोळा करा आणि मग मागा, अशी रीत असते. आपल्या पॉलिसीतील अट तिच्या पॉलिसीत असेलच, असे धरून चालणार नाही.

—

प्रेषक: मंजिरी, एडिसन

काका, आपण सांगितले नसते तर मी कोड वाचलेच नसते. उरलेली दोन बिले आली: डॉक्टरांच्या गटाचे १,१२० आणि रेडिओलॉजिस्टचे ३८५ डॉलर. परंतु यूबी-०४ वर मूत्रनलिकेतील खड्याच्या N20.1 या कोडखाली Z87.442 असा दुसरा कोड आहे आणि त्याचा अर्थ रुग्णाला पूर्वी मुतखडा झाला होता, असा होतो. सासऱ्यांना पूर्वी कधीही खडा झालेला नाही. मग मी रुग्णालयाच्या पोर्टलवर परिचारिकेची पहिली नोंद काढून वाचली, तर तिथेही ‘मुतखड्याचा इतिहास’ असेच लिहिले आहे. त्या रात्री कळांमध्ये सासरे म्हणाले होते, “थोरल्याला झाला होता, तसाच दुखतंय.” त्याचे इंग्रजी माझ्या पतीने घाईत करून सांगितले आणि थोरल्या दीरांचा खडा सासऱ्यांच्या नावावर चढला.

दुसरे असे की रुग्णालयाने जन्मतारीख महिना आधी लिहिली आहे. पारपत्रावर ७ एप्रिल 07/04 अशी आहे आणि रुग्णालयाच्या कागदावर 04/07 अशी. आता नोंद दुरुस्त होईपर्यंत दावा थांबवू का?

—

प्रेषक: श्रीधर, ब्रिजवॉटर

थांबवू नकोस. रुग्णालयाच्या नोंदी विभागाकडे सासऱ्यांच्या सहीने लेखी दुरुस्तीची मागणी आजच दे. इथल्या कायद्याने त्यांना उत्तरासाठी ६० दिवस असतात आणि कारण कळवून ते आणखी ३० दिवस घेऊ शकतात. मूळ नोंद पुसली जात नाही, पण मागणी मान्य झाली तर दुरुस्ती तिला जोडली जाते. त्या जोडाची प्रत आणि बदललेल्या कोडचा यूबी-०४, अशा दोन्ही गोष्टी मागायच्या, कारण नोंदी विभागाने दुरुस्ती केली म्हणून बिलिंग खाते आपोआप कोड बदलते असे नाही.

कंपनीला मात्र हे तूच आधी सांग. तपासनिसाला चूक स्वतः सापडली की तो पत्र पाठवतो, उत्तर मागतो आणि दोन महिने जातात. साताऱ्याच्या घरच्या डॉक्टरांकडून, ते किती वर्षांपासून तपासतात आणि मुतखड्यासाठी कधीही उपचार वा सल्ला दिलेला नाही, असे पत्र घे. जुनी सोनोग्राफी असल्यास तीही जोड. कोणी म्हणेल की ५ मिलिमीटरचा खडा तीन आठवड्यांत होत नाही, म्हणजे तो भारतातच होता. तसे असूही शकेल. परंतु ‘आधीपासूनचा आजार’ या शब्दांची व्याख्या साधारणपणे निदान झालेल्या किंवा ज्यावर सल्ला वा उपचार घेतला अशा आजारापुरती असते, नकळत असलेल्या खड्यापुरती नसते. तुझ्या पॉलिसीतील व्याख्येचे ते वाक्य जसेच्या तसे मेलमध्ये उतरव.

—

प्रेषक: मंजिरी, एडिसन

काल पाठवलेला मेल इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून मराठीत देत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीतील सोनोग्राफी सापडली आणि तीत मूत्रपिंडात खडा नसल्याचे स्पष्ट लिहिले आहे.

«विषय: पॉलिसी क्रमांक, केस क्रमांक, ३ फेब्रुवारी रोजीच्या तातडीच्या उपचारांचा दावा

महोदय, विमाधारक ११ जानेवारी रोजी मुंबईहून नेवार्कला आले. ३ फेब्रुवारीच्या रात्री उजव्या कुशीत तीव्र कळा व उलट्या सुरू झाल्याने त्यांना तातडीच्या विभागात न्यावे लागले आणि ४ फेब्रुवारी रोजी आपल्या असिस्टन्स कंपनीस कळवून केस क्रमांक घेतला. मूत्रनलिकेतील खडा हे निदान सीटी अहवालात आहे. रुग्णालय ८,९४०, डॉक्टर १,१२०, रेडिओलॉजिस्ट ३८५ आणि औषधे ४१, असा एकूण खर्च १०,४८६ डॉलर असून विमाधारकाच्या वाट्याचे १०० डॉलर वजा जाता मागणी १०,३८६ डॉलरची आहे. यापैकी औषधांचे ४१ डॉलर आम्ही भरले आहेत, उरलेली तिन्ही बिले भरावयाची आहेत आणि ती संबंधितांस परस्पर अदा करावीत, अशी विनंती आहे.

दोन बाबी आम्ही स्वतःहून निदर्शनास आणतो. रुग्णालयाच्या कागदांवरील 04/07 ही जन्मतारीख महिना आधी लिहिल्यामुळे आहे आणि पारपत्रावरील ७ एप्रिल हीच तारीख खरी आहे. तसेच यूबी-०४ वरील Z87.442 हा कोड चुकीचा आहे, कारण मुतखडा विमाधारकाच्या थोरल्या मुलास झाला होता. दुरुस्तीच्या मागणीची पोच, घरच्या डॉक्टरांचे पत्र आणि जुनी सोनोग्राफी जोडली आहे. रक्तदाबाचा उल्लेख प्रस्तावात आधीच केलेला आहे.»

कागदांची नावे क्रमाने 01_Claim_Form.pdf, 02_Passport_I94_Ticket.pdf, 03_ER_Records_CT.pdf, 04_Bills_UB04_CMS1500.pdf, 05_History_Correction.pdf अशी ठेवली. औषधांची रक्कम रुपयांत सासऱ्यांच्याच खात्यात यावी म्हणून त्यांच्या साताऱ्याच्या बँकेचा रद्द केलेला धनादेश पहिल्या कागदात घातला आहे.

आज उत्तर आले. दावा क्रमांक मिळाला, मात्र परतीच्या प्रवासाचा बोर्डिंग पास मागितला आहे. सासरे जुलैत परत जाणार आहेत.

—

प्रेषक: अभय, पिस्काटवे

आमच्याकडेही मागितला होता. वडील तोवर पुण्याला पोहोचले होते म्हणून अडले नाही. औषधांच्या यादीबद्दल काकांचे म्हणणे मला पटले.

—

प्रेषक: श्रीधर, ब्रिजवॉटर

बहुधा ठरावीक नमुन्यातील यादी कोणीतरी तशीच पाठवली असावी. याच मेलच्या साखळीत उत्तर दे आणि नवीन मेल सुरू करू नकोस. विमाधारक अजून प्रवासात असून परतीचे आरक्षण झाले आहे, असे लिहून तिकीट पुन्हा जोड आणि परतीचा पास कोणत्या कलमानुसार लागतो, ते लेखी विचार. तरीही जुलैपर्यंत थांबा म्हणाले, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे लागेल. तोवर तिन्ही बिलिंग खात्यांना दावा क्रमांक कळवून ठेव. ते जुलैपर्यंत थांबतील की नाही, हे त्यांना विचारूनच कळेल.